कॉर्ड्स पाठ करू नका, वाचायला शिका: सर्कल ऑफ फिफ्थ्सचं घड्याळ सोप्या मराठीत

एखाद्या गाण्याचं नाव टाकून पुढे 'chords' असं सर्च केलं की स्क्रीनवर गाण्याच्या शब्दांच्या डोक्यावर Em, C, G, D अशी अक्षरं येतात. नव्याने गिटार किंवा कीबोर्ड घेतलेले बरेच जण ही अक्षरं गाण्यागणिक पाठ करतात. वीस गाणी झाली की वीस पाठांतरं. मग गॅदरिंगच्या आधी गाणारी मैत्रीण म्हणते, "मला हे थोडं वरच्या पट्टीत हवंय," आणि सगळं पाठांतर जागच्या जागी निकामी होतं.

मी कीबोर्डवर गायकांना साथ करतो, त्यामुळे हा प्रसंग माझ्यासाठी रोजचा आहे. त्यातून सुटायचा सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे 'सर्कल ऑफ फिफ्थ्स' नावाचं एक वर्तुळ. इंटरनेटवर त्याची रंगीबेरंगी चित्रं भरपूर सापडतात, पण बघून डोकं गरगरतं, कारण त्यात एकाच वेळी सगळं कोंबलेलं असतं. या लेखात आपण त्यातली एकच गोष्ट नीट समजून घेऊ: एका गाण्याच्या कॉर्ड्स या वर्तुळात शेजारी शेजारी का सापडतात, आणि ते कळल्यावर कुठलंही कॉर्ड-चार्ट कसं वाचायचं.

आधी दोन शब्द: पट्टी आणि पायरी

इंग्रजीत ज्याला 'की' म्हणतात, त्याला आपली मुलं सरसकट 'स्केल' म्हणतात आणि हार्मोनियमवाले 'पट्टी'. पांढरी एक म्हणजे C, पांढरी दोन म्हणजे D, पांढरी पाच म्हणजे G. मी इथे पट्टीच म्हणेन. फक्त एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे पट्टी सांगितली की 'सा' कुठे आहे एवढंच कळतं. 'C मेजर' म्हटलं की सा कुठे आहे हे कळतंच, शिवाय कुठले सात सूर वापरायचे तेही ठरतं. मेजर म्हणजे आपले सातही शुद्ध सूर, असं तूर्त समजा.

दुसरा शब्द 'पायरी'. कीबोर्डवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून लगतची पट्टी म्हणजे एक पायरी. गिटारवर एक फ्रेट म्हणजे एक पायरी. सा पासून वरच्या सा पर्यंत अशा १२ पायऱ्या असतात.

घड्याळ कसं तयार होतं?

'फिफ्थ' म्हणजे पाचवा. सा, रे, ग, म, प असं मोजलं की पाचवा सूर येतो 'प', म्हणजे पंचम. सा पासून प सात पायऱ्या वर असतो. C ला सा धरला तर प येतो G. आता G ला सा धरा, त्याचा प येतो D. D चा प A. असं प्रत्येक वेळी आधीच्या पंचमाला नवा सा करत गेलात, तर बाराव्या उडीला तुम्ही परत C वर येता. सात-सात पायऱ्यांच्या १२ उड्या म्हणजे ८४ पायऱ्या, आणि १२ पायऱ्यांचं एक सप्तक धरलं तर बरोबर सात सप्तकं. म्हणूनच हे सरळ रेघेऐवजी वर्तुळ होतं, आणि १२ घरं असल्यामुळे ते घड्याळासारखं काढतात:

```
१२ : C   (Am)
 १ : G   (Em)
 २ : D   (Bm)
 ३ : A   (F#m)
 ४ : E   (C#m)
 ५ : B   (G#m)
 ६ : F#  (D#m)
 ७ : Db  (Bbm)
 ८ : Ab  (Fm)
 ९ : Eb  (Cm)
१० : Bb  (Gm)
११ : F   (Dm)
```

बाहेरच्या कड्यावर मेजर आहेत आणि कंसात, म्हणजे आतल्या कड्यावर, मायनर. मायनर तिथे का बसवल्या? कारण एका घरातल्या दोन्ही पट्ट्यांचे सात सूर तेच असतात. C मेजर आणि A मायनर, दोन्हींमध्ये फक्त पांढऱ्या पट्ट्या. फरक एवढाच की एकात C हे घर वाटतं, दुसऱ्यात A. कुठल्याही मेजरचा शुद्ध धैवत घेतला की त्याच घरातली मायनर मिळते. C चा ध म्हणजे A, म्हणून Am. G चा ध म्हणजे E, म्हणून Em.

शेजारी घरांचं नातं

C मेजरचे सूर: C D E F G A B. एक घर उजवीकडे सरकून G मेजर बघा: G A B C D E F#. सातपैकी सहा सूर तेच आहेत, फक्त F चा F# झाला. सरगमच्या भाषेत सांगायचं तर C च्या शुद्ध मध्यमाचा तीव्र मध्यम झाला. डावीकडे F मेजरला गेलात तर फक्त B चा Bb होतो, म्हणजे C च्या शुद्ध निषादाचा कोमल निषाद.

वर्तुळाचं मुख्य गुपित हेच. एक घर सरकलं की एकच सूर बदलतो. दोन घरं सरकलं की दोन. म्हणून C आणि D मेजरमध्ये पाच सूर सारखे आहेत. C च्या अगदी समोर, सहा वाजता F# आहे. त्या दोघांत फक्त दोन सूर सारखे उरतात. म्हणजे घड्याळावर जितकं अंतर, तितकं नातं पातळ.

गंमत म्हणजे कीबोर्डवर C च्या लगतच्या पट्टीला, Db ला, या घड्याळात सात वाजताची जागा मिळते. सुरांच्या उंचीतला शेजारी आणि नात्यातला शेजारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, पट्टी बदलताना लागेल.

एका पट्टीच्या सहा कॉर्ड्स

आता C वर बोट ठेवा. डावीकडे F, उजवीकडे G. म्हणजे मध्ये सा, एका बाजूला म, दुसऱ्या बाजूला प. या तीन मेजर कॉर्ड्सचे सूर लिहून काढा: F मध्ये F A C, C मध्ये C E G, G मध्ये G B D. एकत्र केले तर C मेजरचे सातही सूर आले, एकही सुटला नाही. तीन कॉर्ड्समध्ये अख्खी गाणी का बसतात, याचं उत्तर इथे आहे. चालीत पट्टीतला कुठलाही सूर आला तरी त्याला सामावून घेणारी कॉर्ड या तिघांत मिळतेच.

या तीन घरांच्या आतल्या मायनर म्हणजे Dm, Am, Em. त्यांचे सूरही त्या सातांतलेच. म्हणजे शेजारची तीन घरं, बाहेरच्या तीन आणि आतल्या तीन, मिळून सहा कॉर्ड्सचा एक ठोकळा तयार होतो. पट्टीतल्या स्थानाप्रमाणे त्यांना आकडे देतात, आणि ठोकळ्यात ते आकडे कायम असेच बसतात:

```
बाहेर :  ४   १   ५
आत   :  २   ६   ३
```

वेबसाइटवर हेच आकडे I, IV, V, vi असे रोमन लिपीत दिसतात. मोठी अक्षरं म्हणजे मेजर, छोटी म्हणजे मायनर. सातव्या स्थानावरची कॉर्ड मेजरही नसते आणि मायनरही नसते. साध्या गाण्यांत ती क्वचित येते, म्हणून आज तिला बाजूला ठेवू.

आता एक चार्ट उलगडू

स्क्रीनवर Em, C, G, D असं दिसतंय आणि गाणंभर हेच फिरतंय. बाहेरच्या कड्यावर C १२ वाजता, G १ वाजता, D २ वाजता. Em ही १ वाजताची आतली कॉर्ड. तीन सलग घरं मिळाली, मधलं घर G. म्हणजे पट्टी G मेजर किंवा त्याच घरातली E मायनर. यातली नेमकी कुठली ते कानाने ठरवायचं: शेवटची ओळ म्हणून आधी G वर थांबा, मग Em वर. जिथे 'संपलं' असं वाटतं ते घर. समजा, G वर संपल्यासारखं वाटलं. मग वरच्या ठोकळ्यावरून आकडे वाचा: Em म्हणजे ६, C म्हणजे ४, G म्हणजे १, D म्हणजे ५. प्रोग्रेशन झालं ६-४-१-५.

आता दुसऱ्या एखाद्या गाण्याला C, G, Am, F दिसलं. घरं ११, १२, १. मधलं C. आकडे: १-५-६-४. नीट बघा, आधीच्या ६-४-१-५ चंच हे चक्र आहे, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणून. पाठांतर करणाऱ्याला ही दोन गाणी म्हणजे सहा वेगवेगळ्या कॉर्ड-नावांचा पसारा. घड्याळ वाचणाऱ्याला तो एकच साचा आहे.

एक अडचण मात्र इथे येते. C, G, Am, Em या चारच कॉर्ड्स असतील तर? त्या C च्या ठोकळ्यातही आहेत आणि G च्याही. तेव्हा पाचवी कॉर्ड शोधा. कुठे F किंवा Dm सापडली तर C ची पट्टी, D किंवा Bm सापडली तर G ची. कारण या दोन पट्ट्यांमध्ये वेगळा सूर एकच आहे, F की F#, आणि तो याच कॉर्ड्समध्ये दडलेला असतो. पाचवी कॉर्ड नसेलच, तर चालीत F लागतो की F#, ते ऐका.

"थोडं वर घेऊ या"

आकडे कळले की पट्टी बदलणं म्हणजे ठोकळा उचलून दुसरीकडे ठेवणं. वरचं Em, C, G, D गाणं A मध्ये हवंय. G एक वाजता, A तीन वाजता, म्हणजे दोन घरं उजवीकडे. सगळ्याच कॉर्ड्स दोन घरं उजवीकडे सरकवा: Em ची F#m, C ची D, G ची A, D ची E. झालं.

इथे आधीचं वाक्य आठवा. घड्याळात एक घर उजवीकडे म्हणजे 'थोडं वर' नाही. G वरून एक घर सरकलात तर D येतं, म्हणजे सात पायऱ्या वर किंवा पाच पायऱ्या खाली. गायकाच्या गळ्याला तो मोठा फरक आहे. दोन पायऱ्या वर हवं असेल तर दोन घरं उजवीकडे, दोन पायऱ्या खाली हवं असेल तर दोन घरं डावीकडे, हे सोपं गणित. एकच पायरी वर हवी असेल तर पाच घरं डावीकडे जावं लागतं, G वरून थेट Ab ला. अशा वेळी मी घड्याळाच्या नादी लागत नाही. गिटारवाल्याला कॅपो एक फ्रेट वर लावायला सांगतो आणि मी कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण +1 करतो. ॲपमधल्या ट्रान्सपोजचा आकडाही पायऱ्यांचाच असतो, घरांचा नाही. A साठी तिथे +2 करावं लागतं.

काटे उलटे फिरतात तेव्हा

नवशिक्यांना पडणारा पुढचा प्रश्न: या सहा कॉर्ड्स कुठल्याही क्रमाने वाजवल्या तर चालतील का? चालतील, पण काही क्रमांमध्ये ओढ जाणवते. सगळ्यात मोठी ओढ असते एक घर डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने जाताना. D7 वाजवून थांबून बघा, वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. G वाजवलं की पूर्ण होतं. कारण D7 मधला F# एक पायरी वर सरकून G होतो आणि C एक पायरी खाली सरकून B होतो. दोन सूर लगतच्या जागी जाऊन बसतात, म्हणून कानाला विसावा मिळतो.

हीच ओढ साखळीसारखी जोडता येते. Em, Am, D, G वाजवा. मायनरच्या आतल्या जागा क्षणभर विसरा आणि फक्त अक्षरं बाहेरच्या कड्यावर शोधा: E चार वाजता, A तीन, D दोन, G एक. काटा उलटा चालत घरी आला. आकड्यांत हे ६-२-५-१. शेवटचा तुकडा २-५-१ तर जॅझमध्ये सतत भेटतो.

ठोकळ्याबाहेरचा पाहुणा

चार्ट वाचताना कधीतरी एक कॉर्ड ठोकळ्यात बसत नाही. गाणं G मध्ये आहे आणि मधेच A7 आली. A तीन वाजता, आपला ठोकळा १२ ते २ मध्ये. चार्ट चुकलं का? आधी पुढची कॉर्ड बघा. पुढे D असेल तर A पासून D एक घर डावीकडे, म्हणजे ही D कडे ओढणारी पाहुणी आहे आणि जाणूनबुजून ठेवलेली आहे.

मायनर गाण्यांत ही पाहुणी वारंवार येते. Am, Dm, F, G अशा कॉर्ड्स आहेत आणि मधेच E किंवा E7. ठोकळ्यात आपल्याकडे Em आहे, मग E मेजर कुठून आली? Em मध्ये G असतो, E मध्ये G#. तो G# एक पायरी वर A ला टेकतो, म्हणून Am कडे जाणारी ओढ तयार होते. E चार वाजता, A तीन वाजता, पुन्हा एक घर डावीकडे. याचा फायदा असा की C आणि Am मध्ये घर कुठलं अशी शंका असताना E7 दिसली, आणि तिच्या मागोमाग Am येत असली, तर पारडं Am कडे झुकतं.

पाहुणी अशी पुढच्या घरी घेऊन जाणारी नसेल, तर वाजवून ऐका. वेबसाइटवरचे चार्ट बरेचदा लोकांनीच चढवलेले असतात, आणि त्यांत एका घरातल्या दोन कॉर्ड्सची गल्लत सहज होते. G मध्ये G B D, Em मध्ये E G B. तीनपैकी दोन सूर तेच. म्हणून एखादी कॉर्ड 'जवळपास बरोबर पण खटकते' असं वाटलं, की मी पहिल्यांदा त्याच घरातली दुसरी कॉर्ड वाजवून बघतो. पण प्रत्येक परकी कॉर्ड चूक नसते. G च्या गाण्यात C नंतर मुद्दाम Cm घेतात, आणि ती सुंदर लागते. शेवटचा निकाल कानाचा.

घड्याळ काय सांगत नाही

सलग तीन घरांतलं मधलं घर म्हणजेच गाण्याचा सा, हे बहुतेक वेळा खरं, नेहमी नाही. G, F, C अशा कॉर्ड्स असलेलं गाणं ठोकळ्याप्रमाणे C चं ठरतं. पण ते G वर सुरू होऊन G वरच विसावत असेल तर सा G आहे आणि निषाद कोमल, म्हणजे आपला खमाज थाट. घड्याळ सूर कुठले ते सांगतं, घर कुठलं ते कान सांगतो.

कुठली कॉर्ड किती मात्रा धरायची, हेही घड्याळात नसतं. आणि रागदारीला ते जसंच्या तसं लावू नका. राग सुरांच्या चालण्यावर उभा असतो, कॉर्ड्सच्या ठोकळ्यावर नाही.

आज करून बघायचं असेल तर वरचं घड्याळ कागदावर काढा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. येत असलेल्या तीन गाण्यांचे चार्ट उघडा. प्रत्येकाचा ठोकळा शोधा, मधलं घर वाजवून सा तपासा, कॉर्ड्सच्या डोक्यावर आकडे लिहा. मग त्यातलं एक गाणं दोन घरं उजवीकडे सरकवून वाजवा आणि सोबत गाऊन बघा. चाल तीच राहून फक्त दोन पायऱ्या वर चढली, तर तुमचे आकडे बरोबर आहेत.